वही, शंभर पानी, एक नग

बदलीचा आदेश हातात पडला की शिक्षकाला आधी वस्तू मोजाव्या लागतात. त्याला आमच्यात चार्ज देणं म्हणतात. जडवस्तू संग्रह नोंदवही उघडायची आणि एकेका ओळीवर बोट ठेवत शाळाभर फिरायचं. टेबल, खुर्च्या, पितळी घंटा, वजनकाटा, पृथ्वीचा गोल, महाराष्ट्राचा नकाशा (कोकण किनाऱ्यापाशी फाटलेला, म्हणून शेरा ‘नादुरुस्त’), खिचडीची मोठी कढई, दोन डाव, स्टीलची ताटं. पोषण आहाराचा तांदूळ वजन करून द्यायचा, त्यातल्या पोरकिड्यांसकट. सगळ्याच्या तळाशी दोन सह्या होतात, एक चार्ज देणाऱ्याची आणि एक घेणाऱ्याची. डाव हरवला तर कुणाला विचारायचं हे सरकारला पक्कं ठाऊक असतं. मुलांची मात्र एकच ओळ असते: पट, मुलगे अमुक, मुली तमुक, बेरीज. ती बरोबर आली की मुलं सुपूर्द झाली.

आमची शाळा रत्नागिरी तालुक्यात काजळीच्या खाडीपासून थोडी आत, कलमांच्या बागांमध्ये बसलेली. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, दोन खोल्या, दोन शिक्षक. माझ्याकडे तिसरी आणि चौथी. नवे गुरुजी घाटावरून येणार एवढंच कळलं होतं. ते हजर होण्याआधी मी कार्यमुक्त होणार होते, त्यामुळे आमची गाठ पडणार नव्हती. बदल्यांत हे नेहमीचंच आहे. एक शिक्षक एसटीत बसतो तेव्हा दुसऱ्याचं सामान अजून बांधायचं असतं. म्हणून मी मुलांविषयी एका वहीत लिहून ठेवायला घेतलं. आमचे मुख्याध्यापक काटेकोर माणूस. शाळेत एखादी गोष्ट आहे आणि कुठल्याच यादीत नाही, हे त्यांना सोसत नाही. त्यांनी चार्ज यादीच्या शेवटी आपल्या वळणदार अक्षरात भर घातली: ‘वही, शंभर पानी, वापरलेली, एक नग.’

आता कुणी म्हणेल, मुलांविषयी कागद काय थोडे असतात? असतात की. 20 ऑगस्ट 2010च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या ठरलं. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, असे तीन रकाने. कल्पना फार चांगली होती आणि अजूनही आहे. पण एकेका मुलासाठी एवढी वाक्यं सुचायची कुणाला? मग तयार वाक्यांच्या याद्या निघाल्या, त्या मोबाइलवरून फिरू लागल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलं एकमेकांसारखी दिसू लागली. सगळी परिसर स्वच्छ ठेवतात. सगळ्यांना चित्रं काढायला आणि क्रिकेट खेळायला आवडतं. सगळ्यांना लेखनात सुधारणा आवश्यक असते. जुनी नोंदपत्रकं वाचताना एकाच मुलाची किती जन्मांची पुण्याई समोर येते असं वाटू लागतं. या नोंदी खोट्या नसतात, पण नव्या शिक्षकाला सोमवारी सकाळी त्या मुलाला कुठल्या बाकावर बसवायचं, हे त्यांतून कळत नाही.

माझ्या वहीतलं पहिलं पान एका अशा मुलाचं आहे ज्याच्या नोंदीत ‘वजाबाकीत सुधारणा आवश्यक’ असं दोन वर्षं लिहून आलं होतं. हे वाक्य वाचून काय करायचं? आणखी वजाबाक्या घालायच्या. त्या घातल्याही गेल्या असणार, कारण मुलगा भराभर आणि मोठ्या आत्मविश्वासानं चुकत असे. त्याला बावन्नमधून सत्तावीस वजा करायला सांगितलं की तो पस्तीस लिहितो. त्र्याऐंशीतून छप्पन्न गेले की त्याच्याकडे तेहतीस उरतात. दोन-चार उत्तरं शेजारीशेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून तो सातातून दोन काढतो आणि पाच लिहितो. मग पाचातून दोन गेले, तीन. त्याच्या मते मोठ्यातून लहान जातं हा जगाचा न्याय आहे आणि तो न्याय वर-खाली बघत नाही. त्याला वजाबाकी येते. दशक सुटा करून एककाला द्यायचा असतो, हे येत नाही. काड्यांचे दहादहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या पुढ्यात ठेवून ‘यातल्या सत्तावीस मला दे’ म्हटलं की तो क्षणभर थांबतो, मग एका गठ्ठ्याचं रबर काढतो. ते रबर निघालं की गणित सुटलं. म्हणून वहीत लिहिलं आहे: ‘गठ्ठे खिडकीखालच्या डब्यात आहेत. पावसाळ्यात काड्यांना बुरशी येते, उन्हात घालाव्यात. काड्या दिल्याशिवाय कागदावर वजाबाकी देऊ नये. दिवाळीपर्यंत काड्या लागतील, त्यानंतर तो स्वतःच त्या बाजूला सारेल असं वाटतं.’

दुसऱ्या एका मुलाच्या पानावर ‘लक्ष नसते’ या शेऱ्याला उत्तर आहे. हा मुलगा जून ते सप्टेंबर अगदी इतरांसारखा असतो, कारण आमच्याकडचा पाऊस पत्र्यावर उतरला की सगळा वर्गच बहिरा होतो. मी कंठशोष करते, मुलं ओठांकडे बघून अंदाज बांधतात आणि कवितेच्या जागी कुणी पाढे म्हणत असतं. पाऊस ओसरला, बाकीची ऐकू लागली आणि हा तसाच राहिला. तेव्हा त्याच्या मागे उभं राहून हलक्या आवाजात नाव घेऊन पाहिलं. डावीकडून घेतलं तर मान हलली नाही, उजवीकडून घेतलं तर लगेच वळला. समोर उभं राहून विचारलं तर उत्तर बरोबर. फळ्याकडे तोंड करून विचारलं की शेजाऱ्याच्या वहीत डोकावणार. डावा कान लहानपणापासून वाहतो असं आजीनं सांगितलं, तेही ‘वाहतो कधीमधी’ इतक्या सहज, जसं पागोळीविषयी सांगावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं तेव्हा डॉक्टरांना आवर्जून दाखवला, त्यांनी जिल्हा रुग्णालयात पाठवला. उपचार सुरू आहेत. पण वर्गात करायची गोष्ट बाकाची आहे. त्याला पहिल्या रांगेत, त्याचा डावा हात भिंतीकडे येईल असा बसवायचा, म्हणजे वर्ग आणि शिक्षक दोन्ही चांगल्या कानाकडे येतात. फळ्यावर लिहिता लिहिता सूचना द्यायची नाही. आणि पुन्हा सांगताना आवाज चढवायचा नाही. मोठ्या आवाजाला तो घाबरतो आणि मग ऐकू आलेलंही विसरतो.

इथे थोडं विषयांतर. 1866 साली रत्नागिरीतल्या गंगाधरपंत टिळकांची पुण्याला बदली झाली. ते स्वतः शिक्षक होते, पुढे शिक्षण खात्यात वर चढले. त्यांच्याबरोबर दहा वर्षांचा मुलगा पुण्याच्या शाळेत गेला. रत्नागिरीतल्या त्याच्या मास्तरांनी पुण्याच्या मास्तरांना काही लिहून पाठवलं असेल का, असं टिळक आळीवरून जाताना माझ्या मनात नेहमी येतं. दोन ओळी पुरल्या असत्या. ‘गणित चांगले, संस्कृत उत्तम. कारण दिल्याशिवाय ऐकत नाही, दिलेले कारण पटले नाही तरीही ऐकत नाही.’ चिठ्ठी गेली नसावी. पुण्याला ते आपलं आपण शोधून काढावं लागलं, आणि नंतर सरकारलाही.

वहीतलं मला सगळ्यांत आवडणारं पान एका मुलीचं आहे. तिचे वडील नेपाळहून आलेले, कलमांच्या बागेत राखणीला. आमच्या तालुक्यात आंब्याच्या बागा आणि मच्छीमारी बोटी नेपाळी माणसांच्या हातांशिवाय आता चालत नाहीत, त्यामुळे बऱ्याच शाळांच्या पटावर अशी मुलं असतात. मुलगी खेळताना इथल्या वाडीतल्या मुलींसारखंच बोलते, भांडते तर त्यांच्यापेक्षा चांगलं. घरी नेपाळी. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे चार इयत्ता शिकलेली तिची आई मराठीचं पाठ्यपुस्तक खडखडीत वाचते. त्यातलं काय कळतं ते विचारलं तर हसते. लेक अडखळली की आई अक्षर सांगते आणि आई वाचत असलेल्या शब्दाचा अर्थ लेक सांगते, अशी त्यांची दोघींची बागेतली शाळा चालते. एकच घोटाळा होतो. नेपाळीत ‘ळ’ नाही. त्यामुळे आईनं घेतलेल्या वाचनात मुलगी ‘शाला’त येते, ‘फला’वर लिहिते आणि ‘सकाली’ उठते. गुरुजी, हे उच्चारदोष म्हणून नोंदवू नका. तिला ‘कमळ’, ‘बाळ’, ‘गोळा’, ‘मुळा’ असे शब्द रोज पाच म्हणायला द्या. जीभ वळायला लागली आहे. आंबा संपला की बागेत काम राहील का, यावर कुटुंबाचं राहणं अवलंबून असतं. जूनमध्ये ती दिसली नाही तर लगेच नाव कमी करण्याच्या मागे लागू नका. आधी बागमालकाकडे विचारा. गावी गेलेली कुटुंबं कधीकधी गणपतीच्या आगेमागे परत येतात. दुसऱ्याच बागेत गेली असतील तर जवळच्या शाळेत नाव घातलं आहे का हे बघावं लागेल, कारण आईवडील आपणहून शाळेच्या दारात जायला संकोचतात.

बाकीची बरीच पानं भूगोलाची आहेत. घाटावरून येणाऱ्या माणसाला पाऊस ठाऊक असतो, पण पऱ्या ठाऊक नसतो. आमच्या शाळेची पाच मुलं पऱ्याच्या पलीकडच्या वाडीतून साकवावरून येतात. एप्रिलमध्ये त्या पऱ्यात शिंपल्यात मावेल एवढंही पाणी नसतं, म्हणून नव्या माणसाला साकव म्हणजे हौस वाटते. जुलैत डोंगरावर पाऊस कोसळला की शाळेपाशी नुसती भुरभूर असतानाही पऱ्याला लोंढा येतो. खूण अशी की पाणी लाल होतं आणि त्यातून पालापाचोळा नि काटक्या वाहू लागतात. ती खूण दिसली की घड्याळाकडे न बघता पलीकडच्या मुलांना सोडायचं, तेही एकटं नाही. वाडीतल्या माणसाला फोन करून अलीकडे बोलवायचं आणि मुलं त्याच्या हाती द्यायची. पाणी चढलं असेल तर मुलं शाळेतच थांबवायची. फोननंबर वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आहेत. हे पान मुलांच्या गरजांत कसं, असं वाटेल. पण चौथीत जाणाऱ्या एका मुलीचं दुपारनंतर गणितात डोकं चालत नाही, ते या पऱ्यामुळे. तिचा धाकटा भाऊ पहिलीत आहे, त्याला पार करायची जबाबदारी तिची. पावसाळी दिवसांत ती तीन वाजल्यापासून खिडकीबाहेर बघत असते. तिचं गणित सकाळी घ्यावं, दुपारी तिला बघू द्यावं. ती बघते म्हणून आम्हाला कधी बघावं लागत नाही.

आणि एक न बोलणारी. वर्गात वर्षभरात तिनं उच्चारलेले शब्द ‘हजर’ आणि ‘बाई, शाई’ एवढेच म्हणता येतील. तोंडी परीक्षेला उभी राहिली की फ्रॉकच्या घेराची घडी घालत राहते. तिसरीच्या सुरुवातीला तिला वाचता येत नाही असंच कागद म्हणत होता. एकदा खिचडी शिजत असताना मी मीठ बघायला स्वयंपाकखोलीत गेले, तर आतून कुणी धडा वाचत होतं. चुलीपाशी मावशी कांदा चिरत होत्या आणि ही पाटावर बसून त्यांना मराठीचं पुस्तक वाचून दाखवत होती, स्वल्पविरामाला थांबत, संवादांना आवाज बदलत. मावशींना वाचता येत नाही. त्यामुळे चूक काढणारं तिथे कुणी नव्हतं आणि पुढे काय झालं हे ऐकायची घाई मात्र खरीखुरी होती. मला बघताच पुस्तक मिटलं. मी मीठ बघून बाहेर आले. त्यानंतर तिचं वाचन मी दाराबाहेर उभी राहून तपासत आले. पुस्तकाच्या शेवटापर्यंत पोचली आहे. वहीत सूचना आहे: ‘तोंडी परीक्षा स्वयंपाकखोलीत घ्यावी. परीक्षक मावशी. शिक्षकांनी दाराबाहेर उभे राहून गुण द्यावेत.’ मुख्याध्यापकांनी हे वाचून चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि ‘नियमात बसवता येईल’ एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. तिसरीच्या अखेरीला ती मावशींबरोबर भाजीवालीलाही एक पान वाचून दाखवू लागली. चौथीत श्रोते एकेक करून वाढवावेत, घाई नको.

काही गोष्टी वहीत मुद्दाम घातल्या नाहीत. कुणाच्या घरी काय चालतं, कुणाचे वडील संध्याकाळी कसे येतात, कुणाची आई माहेरी का राहते. कागद कपाटात पडतो, कपाट उघडं राहतं आणि चौथीतल्या मुलांना वाचता येतं; ते आम्हीच शिकवलेलं असतं. अशा गोष्टी जरूर असेल तर फोनवर सांगेन, आणि त्याही घटना म्हणून नाहीत, तर काय करावं एवढंच: या मुलाला सोमवारी गृहपाठाबद्दल बोलू नका, या मुलीला ‘उद्या आईला घेऊन ये’ म्हणू नका. कारण माहीत नसलं तरी हे पाळता येतं. ‘हुशार’, ‘ढ’, ‘खोडकर’, ‘आगाऊ’ हे शब्दही वहीत नाहीत. ‘आगाऊ’ लिहायचा एके ठिकाणी फार मोह झाला होता. तिथे ‘प्रश्न संपेपर्यंत हात वर ठेवतो, उत्तर दिल्यावरही खाली घेत नाही’ असं लिहिलं आहे.

मोह आवरण्याला कारण आहे. अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेत प्रयोग केला आणि 1968 साली त्यावर पुस्तक लिहिलं. शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं की चाचणीवरून ही मुलं यंदा झपाट्यानं पुढे जातील असं दिसतं. खरं तर नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचललेली होती. वर्षाअखेरीस, विशेषतः पहिली-दुसरीत, ती मुलं इतरांपेक्षा जास्त पुढे गेलेली आढळली. पुढे या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाले, परिणाम सांगितला तेवढा मोठा नसतो असं अनेकांनी दाखवलं. पण थोडासाही असेल तर माझ्या एका विशेषणानं घाटावरून आलेल्या भल्या माणसाचे डोळे जूनमध्येच रंगतील, हे मला नको होतं. म्हणून वहीचे दोन भाग केले. पुढची पानं पहिल्या दिवशीच वाचायची: कान, डोळे, पऱ्या, कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला फिट येऊन गेली आहे आणि आली तर काय करायचं. मागची पानं रबर लावून बंद केली आहेत, वर लिहिलं आहे ‘पंधरा दिवसांनी उघडावीत’. तोवर गुरुजींनी आपल्या डोळ्यांनी बघावं. मग माझं आणि त्यांचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर त्यांचं खरं धरावं, कारण त्यांचं ताजं आहे.

मे महिना ही मुलांच्या बाबतीत मोठी भानगड आहे. एक मेला निकाल घेऊन जाणारं मूल आणि जूनच्या मध्यावर परत येणारं मूल यांच्यात हजेरीतला नंबर सोडला तर फारसं साम्य उरत नाही. मधे मुंबईची चुलत भावंडं येऊन गेलेली असतात. कुणी पोहायला शिकलेलं असतं, कुणाची आजी गेलेली असते. इतका आंबा-फणस पोटात गेलेला असतो की उंचीचे जुने आकडे पुसावे लागतात. आळशी ठरलेला एखादा महिनाभर वडिलांबरोबर खळ्यात मांडव घालून, होड्यांना रंग लावून, मापं घेत, हिशेब करत काळाठिक्कर होऊन आलेला असतो आणि त्याला मीटर-सेंटिमीटर शिकवायची गरजच राहिलेली नसते. माझी वही एप्रिलच्या मुलांची आहे, येतील ती जूनची असतील.

वाचकांत जे आईवडील असतील त्यांना एक विनंती. बदलीच्या धांदलीत अशी वही मागे राहतेच असं नाही, आणि राहिली तरी ती सापडेलच असंही नाही. जूनमध्ये नवे गुरुजी किंवा बाई आल्या की पहिल्या आठवड्यात शाळेत जा. मूल हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही, हे सांगू नका. ते सगळेच सांगतात. कुठला कान, कुठला डोळा, कशाला घाबरतं, घरी कुठली भाषा बोलतं आणि कुणापुढे मोकळेपणी वाचतं, एवढं सांगा. पाच मिनिटं पुरतात. एका कागदावर लिहून दिलंत तर आणखी बरं.